वरच्या फळीवरचं सिरप: ट्रॅपेझियसच्या तीन भागांचं एक प्रकरण

गिरगावात औषधांचं दुकान चालवणारे एक गृहस्थ पावसाळ्याच्या तोंडावर माझ्या दादरच्या क्लिनिकमध्ये आले. वय ३८, उजवा खांदा पाच महिने दुखत होता. कुठे पडले नव्हते, मार लागला नव्हता, मधुमेह नव्हता. मी त्यांना दादा म्हणते आणि ते मला डॉक्टर, म्हणून इथेही दादाच म्हणते.

दुकान लहान आहे आणि फळ्या छतापर्यंत गेलेल्या आहेत. सिरपच्या बाटल्या सगळ्यात वर. दिवसातून शेकडो वेळा हात वर जातो आणि दर वेळी हात खांद्याच्या उंचीच्या थोडा वर गेला की खांद्याच्या टोकाशी कळ येते. दुखणं दहापैकी किती, असं विचारलं तर म्हणाले, सहा. रात्री झोप मोडत नव्हती. मानेपासून खांद्यापर्यंतचा भाग मात्र दिवसभर दगडासारखा कडक वाटायचा. त्यासाठी ते दर रविवारी मालिश करून घेत आणि रोज मान एका बाजूला कलवून ताण देत. दोन दिवस बरं वाटायचं, मग पुन्हा तेच.

बोलता बोलता त्यांनी एक गोष्ट सांगितली, ती मी लगेच टिपून ठेवली. ते गोरेगावला राहतात आणि चर्नी रोडपर्यंत स्लो लोकलने येतात. "गाडीत वरची कडी धरून अर्धा तास उभा राहतो, तेव्हा काहीच होत नाही. बाटली काढायला हात वर केला की दुखतं." हाताची जागा दोन्हीकडे जवळपास तीच. फरक इतकाच की कडीला हात टांगलेला असतो, वजन कडी पेलते आणि स्नायूंना फारसं काही करावं लागत नाही. बाटलीकडे मात्र हात स्वतःच्या बळावर न्यावा लागतो. म्हणजे हात वर असणं त्यांना त्रास देत नव्हतं, हात वर नेण्याच्या क्रियेत काहीतरी बिघडलं होतं.

ते आठवड्यातून चार दिवस व्यायामशाळेत जात. खांदा दुखायला लागल्यावर ट्रेनरने त्यांना दोन व्यायाम वाढवून दिले होते. दोन्ही हातांत २४-२४ किलोचे डंबेल्स घेऊन श्रग्स, म्हणजे खांदे कानाकडे उचलणं, १५ चे चार सेट. आणि फेस पुल, म्हणजे पुलीची दोरी चेहऱ्याकडे ओढणं, २५ किलोवर. त्याबरोबर एक सूचना होती, "खांदे खाली आणि मागे, कायम." दादा सांगितलेलं मनापासून पाळणारे. ही सूचना ते दुकानातही पाळत होते. वरच्या फळीकडे हात नेतानासुद्धा खांदा खाली दाबून धरत.

पाठीमागून पाहिल्यावर

शर्ट काढून त्यांना पाठमोरं उभं केलं. उजव्या खांद्याच्या पात्याचं खालचं टोक डाव्यापेक्षा साधारण दोन सेंटिमीटर खाली होतं. एवढ्यावरून मी काही ठरवत नाही, कारण उजव्या हाताने काम करणाऱ्या पुष्कळ निरोगी माणसांचाही उजवा खांदा थोडा खाली असतो. समोरून पाहिलं तेव्हा डाव्या बाजूची कॉलरबोन बाहेरच्या टोकाकडे किंचित चढत गेलेली दिसली. तिची चाल तशीच असायला हवी. उजवी मात्र जवळजवळ आडवी होती.

मग एकेका किलोचं वजन दोन्ही हातांत देऊन हात आठ वेळा सावकाश वर-खाली करायला लावले. मोकळ्या हाताने एकदाच पाहिलं तर पात्याची चूक सुटून जाते. वजनाने आणि थोड्या थकव्याने ती उघडी पडते. डावं पातं हाताबरोबर फिरत गेलं आणि त्याचं खालचं टोक बगलेच्या रेषेकडे सरकलं. उजवं पातं अर्ध्या वाटेपर्यंत जागचं हललंच नाही, नंतर घाईघाईने थोडं फिरलं आणि थांबलं. हात खाली येताना त्याची आतली कड जराशी उचललीही गेली.

हात पूर्ण वर जातो तेव्हा साधारण १८० अंशांच्या हालचालीतले १२० अंश खांद्याच्या सांध्यात होतात आणि ६० अंश पातं छातीच्या पिंजऱ्यावर फिरल्याने मिळतात. हे दोनास एक प्रमाण इन्मन, सॉन्डर्स आणि ॲबट यांनी १९४४ मध्ये मांडलं. प्रत्येक माणसात ते नेमकं तेवढंच असतं असं नाही, पण पात्याचा वाटा मोठा आहे हे खरं. हा वाटा कमी पडला की दंडाचं हाड वर येत राहतं आणि त्याच्या डोक्यावरचं हाडाचं छप्पर वेळेत बाजूला होत नाही. मधल्या कंडरा चिडतात. दादांचं दुखणं ८० ते १२० अंशांच्या दरम्यान होतं, ते या चित्राला जुळणारं होतं.

आता मला त्यांच्या पात्याला माझ्या हाताने मदत करायची होती. एक हात पात्याच्या वरच्या भागावर आणि दुसऱ्याचा तळवा खालच्या टोकावर ठेवला. त्यांनी हात उचलला तसं मी खालचं टोक बाहेर आणि वर ढकलत गेले. सहावरचं दुखणं दोनवर आलं. त्यानंतर हात न लावता फक्त एवढंच सांगितलं, "दादा, कोपर खांद्याच्या वर गेलं की खांदा कानाकडे जाऊ द्या." दुखणं तीन. ते थोडे गोंधळलेच. "पण डॉक्टर, खांदा वर जाऊ द्यायचा नाही असं सांगितलंय ना मला?"

कुठलंही मत बनवण्याआधी काही गोष्टी बाजूला काढाव्या लागतात. मी हात हलवला तेव्हा तो सगळ्या दिशांना पूर्ण जात होता, म्हणजे खांदा आखडण्याचा आजार नव्हता. दंड बाहेर वळवण्याची ताकद चांगली होती. मान वाकवून दाबली तरी हातात कळ जात नव्हती. भिंतीला हात टेकून ढकलताना पातं पंखासारखं उघडत नव्हतं. आणि मानेपासून पाठीवर पसरलेल्या ट्रॅपेझियस स्नायूला चालवणारी ॲक्सेसरी नस शाबूत आहे का, हे पाहणं मी कधीच सोडत नाही. ही नस मानेच्या बाजूला कातडीखाली फार वरून जाते. मुंबईत मानेतल्या गाठीचा तुकडा तपासणीला काढणं, विशेषतः क्षयाच्या संशयाने, नेहमीचं आहे आणि त्यात ही नस दुखावू शकते. मग खांदा लोंबतो, हात बाजूने वर जायला अडतो आणि माणूस महिनोन्महिने श्रग्स मारत बसतो. दादांच्या मानेवर कुठलाही व्रण नव्हता, माझ्या दाबाविरुद्ध खांदा उचलण्याची ताकद दोन्हीकडे सारखी होती आणि स्नायूची उशी झिजलेली नव्हती. तेव्हा नस ठीक होती.

तीन भाग, तीन कामं

ट्रॅपेझियस हा एकच स्नायू, कवटीच्या मागपासून पाठीच्या बाराव्या मणक्यापर्यंत पसरलेला. त्याचे धागे तीन दिशांनी खांद्याकडे येतात.

वरचा भाग मानेच्या मागून निघून कॉलरबोनच्या बाहेरच्या तिसऱ्या हिश्श्यावर बसतो. हा भाग खांदा दोरीसारखा सरळ वर ओढतो, असं बहुतेकांना वाटतं. जॉन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये धाग्यांची दिशा मोजली, तेव्हा कॉलरबोनवर येणारे धागे बरेचसे आडवे आहेत असं दिसलं. ते कॉलरबोनचं बाहेरचं टोक आत आणि मागे खेचतात आणि छातीच्या हाडाशी असलेल्या सांध्याभोवती ती फिरून वर जाते. कॉलरबोनला जोडलेलं पात्याचं बाहेरचं टोक तिच्यामागून चढतं. खांदा थेट वर ओढणारा स्नायू दुसराच आहे, मानेच्या मणक्यांपासून पात्याच्या आतल्या वरच्या कोपऱ्यावर येणारा लिव्हेटर स्कॅप्युली. तो आतला कोपरा उचलतो. आतला कोपरा वर गेला की बाहेरचं टोक झुकतं, म्हणजे हात वर न्यायला पातं ज्या दिशेने फिरायला हवं त्याच्या उलट.

मधला भाग मानेच्या तळाशी आणि पाठीच्या वरच्या मणक्यांपासून जवळपास आडवा येतो आणि पातं कण्याकडे धरून ठेवतो. खालचा भाग चौथ्या ते बाराव्या पाठीच्या मणक्यांवरून तिरका वर चढतो आणि पात्याच्या मागच्या आडव्या उंचवट्याच्या आतल्या टोकाशी बसतो. हात वर जाताना त्याची लांबी फारशी बदलत नाही. तो आतलं टोक खाली धरून ठेवतो, आणि तेवढ्यात वरचा भाग बाहेरचं टोक चढवतो व बगलेखालचा सेराटस स्नायू खालचं टोक पुढे ओढतो. नळाची तोटी फिरवताना बोटं जशी विरुद्ध बाजूंनी जोर देतात आणि तोटी जागेवरच फिरते, तसं हे होतं. यातला एक जोर काढून घेतला तर पातं फिरत नाही, नुसतं सरकतं.

आता दादांची सूचना यात बसवून पाहा. हात वर नेताना खांदा खाली आणि मागे दाबून धरायचा म्हणजे वरच्या भागाला कामच करू द्यायचं नाही, आणि पात्याला उलट फिरवणाऱ्या स्नायूंना धरून बसायचं. वजन उचलताना छातीच्या व्यायामात ही सूचना उपयोगी पडते, कारण तिथे पातं बाकावर स्थिर हवं असतं. डोक्यावरच्या फळीसाठी तीच सूचना चुकीची आहे.

मग मानेजवळ कडकपणा का? मी त्यांना खुर्चीत बसवून दोन्ही कोपरांखाली उशा दिल्या, खांदे दोन-तीन सेंटिमीटर उचलले जातील इतक्या. मान उजवीकडे वळायला लगेच सोपी झाली आणि ओढ कमी वाटली. स्नायू आखूड झाला असता तर असा आधार देऊन फार फरक पडला नसता. त्यांचा वरचा भाग आणि लिव्हेटर दिवसभर खाली ओढल्या गेलेल्या खांद्याला धरून ताणलेले राहत होते. ताणलेली दोरीही बोटाला कडकच लागते. तिला रोज आणखी ताण देत राहिल्याने दोन दिवसांपलीकडे फरक पडत नव्हता, यात नवल नाही. वरचा भाग खरोखर जास्त काम करतो अशी माणसंही माझ्याकडे येतात. त्यांचा खांदा हात उचलायच्या आधीच कानाकडे जातो. दादा त्यांतले नव्हते.

ताकद तपासताना चित्र पूर्ण झालं. पालथं झोपवून हात कानाच्या रेषेत तिरका, इंग्रजी वाय अक्षरासारखा, अंगठा छताकडे ठेवून उचलायला लावला. डाव्या हाताने एक किलो घेऊन १२ वेळा जमलं. उजव्याने रिकाम्या हातानेही सहाच्या पुढे नाही, आणि सहाव्याला कंबर उचलली गेली. हात सरळ बाजूला ठेवून तीच परीक्षा घेतली तर दोन्ही बाजू सारख्या. म्हणजे मधला भाग ठीक होता, खालचा मागे पडला होता.

हे कळल्यावर फेस पुलचा उलगडाही झाला. त्यांनी करून दाखवला. दोरी डोक्याच्या उंचीवर, शरीर मागे झुकलेलं, कोपरं वर, आणि शेवटी मनगटं कोपरांच्या खाली. २५ किलो असंच ओढता येतं, कमरेच्या जोराने. यात मधला भाग आणि त्याखालचे ऱ्हॉम्बॉइड्स हे स्नायू चांगले भरतात. पण ऱ्हॉम्बॉइड्सही पात्याला उलटंच फिरवतात, आणि दंड बाहेर वळला नाही तर खालच्या भागाला फारसं काम मिळत नाही. फेस पुलने ट्रॅपेझियसच्या खालच्या भागाचा व्यायाम होतो असं ते धरून चालले होते. तो होतो, पण शेवटी दंड बाहेर वळवला तर.

काय बदललं

पहिल्या दोन आठवड्यांत वजनं जवळपास काढूनच टाकली. दुकानात जास्त खपाची सिरप कंबर ते डोळ्यांच्या उंचीत आणायला सांगितली. दादांनी आधी हरकत घेतली, "वरची फळी रिकामी ठेवून कसं चालेल, जागाच कुठे आहे?" शेवटी वर महिन्यातून एकदा लागणारा माल गेला आणि एक पायरीचं स्टूल आलं.

व्यायामात पहिला होता भिंतीवरचा. दोन्ही हातांच्या पुढच्या भागांनी भिंतीला टेकून ते वर सरकवायचे, कोपरं खांद्याच्या वर गेली की खांदे कानाकडे वर न्यायचे, दोन सेकंद थांबायचं. १० चे तीन सेट, रोज. दुसरा तो पालथा वाय, रिकाम्या हाताने आठ-आठ. इथे सूचना उलटी: खांदा कानाकडे जाता कामा नये. पालथं असताना हाताचं वजन खालच्या भागानेच पेलायचं असतं आणि खांदा वर सरकला की वरचा भाग ते काम हिसकावून घेतो. दादांना हे पटायला वेळ लागला, एका व्यायामात खांदा वर आणि दुसऱ्यात नाही. मी त्यांना म्हटलं, फळीकडे हात नेताना तिन्ही भागांनी मिळून काम करायचंय, बाकावर फक्त खालच्याला शिकवायचंय.

तिसऱ्या आठवड्यात श्रग्स परत दिले, पण हात बाजूला लोंबकळलेले नाहीत. रॉड रुंद पकडीने धरायचा, म्हणजे दंड शरीरापासून साधारण ३० अंश दूर राहतात. या कोनात श्रग केला की वरचा आणि खालचा दोन्ही भाग नेहमीच्या श्रगपेक्षा जास्त काम करतात, हे स्नायूंचे विद्युत संकेत मोजून दाखवलेलं आहे. रॉडसह एकूण २० किलो, १२ चे तीन सेट, वर गेल्यावर क्षणभर थांबून सावकाश खाली. तळाशी वजनाला खांदा ओढू द्यायचा नाही. दादांना २४ किलोच्या डंबेल्सनंतर हे लाजिरवाणं वाटलं, तसं त्यांनी बोलूनही दाखवलं. पण पूर्वी त्यांचा खांदा जेमतेम दोन बोटं वर जायचा. आता पूर्ण जात होता.

फेस पुल २५ वरून १० किलोवर आला. पुली छातीच्या उंचीवर, कपाळाकडे ओढायचं, शेवटी मुठी कोपरांच्या वर आणि अंगठे मागे. (यंत्रावरचे आकडे एका व्यायामशाळेतून दुसऱ्या व्यायामशाळेत नेऊ नका. पुलीची रचना वेगळी असली की तेच १० किलो हाताला पाचच लागतात.) पाचव्या आठवड्यापासून त्याच स्थितीतून दोरी डोक्यावर ढकलायची पायरी जोडली. तिथे १० किलो जड झाले, पाचवर उतरलो.

चौथ्या आठवड्यात एक घसरण झाली. मान पुन्हा दुखते म्हणून ते आले. मोबाइलवर पाठीमागून चित्रीकरण करून दाखवलं तेव्हा कारण दिसलं. खांदा कानाकडे न्यायचा हे त्यांनी इतकं मनावर घेतलं होतं की कोपर अंगापासून सुटायच्या आधीच खांदा वर चढत होता. मान आणि खांद्यामधला मांसाचा उंचवटा सुरुवातीलाच गोळा होत होता. आधी हात, मग खांदा, हा क्रम त्यांना पुन्हा बसवून दिला. आरशासमोर हे कळत नाही, कारण समोरून पातं दिसत नाही. दहा दिवसांत मान शांत झाली.

सहाव्या आठवड्यात वरच्या फळीचं दुखणं दोनवर होतं. मालिश त्यांनी आपणहून थांबवली होती, कडकपणा जाणवत नाही म्हणून. दहाव्या आठवड्यात पालथा वाय एक किलोने १० वेळा जमला, आणि वजन घेऊन आठ वेळा हात उचलताना उजवं पातं डाव्याबरोबर फिरत होतं. उभं राहिल्यावर मात्र उजवा खांदा अजूनही डाव्याच्या खालीच होता, सेंटिमीटरभराने. तो सरळ करायच्या मागे मी लागले नाही, कारण त्यांना त्रास होता तो हालचालीचा.

यातला कुठला बदल किती कामी आला हे या एका प्रकरणातून वेगळं काढता येत नाही. स्टूल, फळ्यांची अदलाबदल, चुकीची सूचना सोडणं आणि व्यायाम हे सगळं एकदमच झालं. माझा कल सूचनेकडे आहे, कारण पहिल्याच दिवशी, एकही व्यायाम न करता, नुसता खांदा मोकळा सोडल्याने सहाचं तीन झालं होतं. खांद्याला मार लागलेला असता, हात धरून ठेवता येत नसता किंवा रात्री दुखून जाग येत असती, तर मी यातलं काहीच सुरू न करता त्यांना आधी अस्थिरोगतज्ज्ञांकडे पाठवलं असतं.

दादांनी डंबेल्सचे श्रग्स पुन्हा सुरू केले आहेत, आठवड्यातून एकदा, १६ किलोने. रॉडवर ते ३५ किलोपर्यंत आले आहेत. सिरप अजून खालच्याच फळीवर आहेत, कारण गिऱ्हाइकाला तिथूनच लवकर देता येतात.